फोटोतला रोहू किती किलोचा?

गळाने मासे धरण्याची हौस असणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात रविवारी संध्याकाळी हमखास एक फोटो येतो. उन्हाने रापलेला माणूस, दोन्ही हात पुढे ताणलेले, हातांवर आडवा मासा आणि खाली दोनच शब्द : ‘सात किलो!’ मग वाद पेटतो. कुणी म्हणतं, चारच्या वर नाही. कुणी म्हणतं, दादा, आमच्याकडे एवढ्या माशाला पिल्लू म्हणतात. मासा तर केव्हाच पाण्यात परत गेलेला असतो, त्यामुळे काट्यावर घालून निकाल लावायची सोय नसते. पण निकाल लागू शकतो. मासा आडवा दिसत असेल आणि त्याची लांबी धड काढता आली, तर साध्या गुणाकाराने वजनाच्या बऱ्यापैकी जवळ जाता येतं. अडचण आहे ती ‘धड’ या शब्दात.

आधी एक शंका मिटवू. काठावरच काटा लावून वजन का करत नाहीत? छोटा मासा असेल तर करतात. मोठ्या माशाला मात्र जबड्यात आकडा अडकवून स्प्रिंगकाट्याला उभं टांगलं, की त्याचं सगळं वजन जबड्यावर आणि मणक्यावर येतं. पाण्यात त्याच्या शरीराला चहूबाजूंनी आधार असतो, हवेत नसतो. असा टांगलेला मासा सोडल्यावर पोहत गेलेला दिसतो, पण आतली इजा दिसत नाही. म्हणून मासा सोडून द्यायचाच असेल, तर जाणती मंडळी त्याला ओल्या चटईवर आडवा ठेवतात, लांबी मोजतात, फोटो काढतात आणि मिनिटाच्या आत पाण्यात सोडतात. वजन मागाहून, घरी बसून.

त्यासाठीचा आडाखा लक्षात ठेवायला अगदी सोपा आहे. माशाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा घन करा, म्हणजे लांबी गुणिले लांबी गुणिले लांबी, आणि शंभराने भागा. जे येईल ते ग्रॅममधलं वजन. ५० सेंटिमीटरचा मासा असेल तर ५० चा घन १,२५,०००; शंभराने भागल्यावर १,२५० ग्रॅम, म्हणजे सव्वा किलो. पोटाशी थोडा भरलेला आणि शेपटीकडे निमुळता होत गेलेला, असा जो माशाचा सर्वसाधारण आकार आहे, त्याला हा आडाखा चांगला लागू पडतो.

घन कशासाठी? कारण मासा वाढतो तेव्हा नुसता लांब होत नाही. तो तितक्याच पटीने उंच आणि जाडही होतो. लांबी दुप्पट झाली की उंची दुप्पट, जाडी दुप्पट, आणि वजन दोन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे आठपट. इंग्लंडमध्ये पाइक नावाचा लांबट, दातेरी मासा धरणारे लोक ‘मोनाचा तक्ता’ म्हणून एक जुना तक्ता अजून सांगतात. त्यात ४० इंची पाइक २० पौंडांचा धरला आहे. त्याच हिशेबाने २० इंची पाइक दहा पौंडांचा नाही, अडीच पौंडांचा भरतो. लांबी निम्मी, वजन आठवा हिस्सा. फोटो पाहून अंदाज बांधणाऱ्या बहुतेकांचा घोळ इथेच होतो. डोळ्याला लांबी दिसते आणि वजनही त्याच प्रमाणात वाढत असेल असं मन धरून चालतं.

मासे खरोखर घनाचा नियम पाळतात का, हे शास्त्रज्ञांनी कसून तपासलं आहे. राइनर फ्रोझे या जर्मनीतल्या मत्स्यशास्त्रज्ञाने २००६ मध्ये सतराशेहून अधिक जातींची लांबी-वजनाची समीकरणं एकत्र करून पाहिली. लांबीचा घातांक बरोबर तीन असावा, तर सरासरीने तो ३.०३ च्या आसपास निघाला. म्हणजे बहुतेक मासे मोठे होताना किंचित जास्त भरतात, पण इतके थोडे, की काठावरच्या हिशेबात तीनच धरावा.

मात्र ‘शंभराने भागा’ हा भाग सगळ्या माशांना सारखा लागू होत नाही. स्कॉटलंडच्या मत्स्य विभागात काम करणाऱ्या टी. वेमिस फुल्टन याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाच हिशेब उलटा वापरला. माशाचं खरं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं, शंभराने गुणायचं आणि लांबीच्या घनाने भागायचं. उत्तर एक आलं तर मासा आपल्या आडाख्याबरहुकूम आहे. एकाहून जास्त आलं तर तो लांबीच्या मानाने भारी, कमी आलं तर हलका. या आकड्याला आपण इथे नुसता ‘गुणक’ म्हणू. अंदाज काढताना करायचं एवढंच : घन करून शंभराने भागल्यावर जे येईल, त्याला त्या जातीच्या गुणकाने गुणायचं.

सुरमईचं उदाहरण घ्या. तोंडापासून शेपटीच्या खाचेपर्यंत एक मीटर भरणारी सुरमई साध्या आडाख्याने दहा किलोची असायला हवी. प्रत्यक्षात ती साडेसात किलोच्या आसपास भरते, कारण ती वेगाने पोहण्यासाठी घडलेली, सडपातळ आहे. तिचा गुणक पाऊणच्या आगेमागे. मोनाच्या तक्त्यातल्या पाइकचं सेंटिमीटर आणि ग्रॅममध्ये रूपांतर केलं तर गुणक ०.८६ येतो. वाम पाहिली तर ती जवळजवळ दोरीच. तिला हा आडाखा लावायला गेलात तर वजन कितीतरी पटींनी जास्त येईल. उलट टोकाला पापलेट. ते इतकं उंच, की गुणक दोनाच्याही वर जातो. तेव्हा ‘मासा’ म्हणून एकच आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. आपण ज्या जातीचा अंदाज करतो, तिचा गुणक हवा.

तो मिळवायला पुस्तक शोधायची गरज नाही. बाजारात जा. आपल्या शहरातल्या कुठल्याही मासळीबाजारात रोहू आणि कटला अख्खे मिळतात. कोळीणमावशी मासा तोडायला घेण्याआधी त्याचं काट्यावरचं वजन लिहून घ्या आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत टेप लावा. समजा रोहू ४८ सेंटिमीटर भरला आणि काट्यावर १,३२० ग्रॅम आला. ४८ चा घन १,१०,५९२. १,३२० ला शंभराने गुणून त्याने भागलं की १.१९. शेजारचा कटला ५० सेंटिमीटर आणि १,९०० ग्रॅम असेल तर त्याचा गुणक १.५२. कटल्याचं डोकं थोराड आणि छाती रुंद असते, म्हणून तेवढ्याच लांबीत तो रोहूपेक्षा बराच भारी. असे पाच-सहा मासे मोजून सरासरी घेतली की तुमचा स्वतःचा आकडा तयार. (मावशी पहिल्यांदा चमकून बघतील. दोन किलो रोहू विकत घेतला की पुढच्या वेळी टेपचं दुसरं टोक त्याच धरतील.) एक मात्र ध्यानात ठेवा. बाजारातला रोहू बहुधा शेततळ्यात किंवा तलावात खाद्य घालून वाढवलेला असतो. नदीतला, स्वतःच्या हिमतीवर पोट भरणारा रोहू त्यापेक्षा सडसडीत निघू शकतो. त्याच्यासाठी गुणक थोडा खाली ओढावा.

इथे आणखी एक फसगत होते. ‘लांबी’ म्हणजे कुठून कुठपर्यंत? तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सगळ्यात लांब टोकापर्यंत ती पूर्ण लांबी. शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत मोजली तर दुसरी लांबी. सुरमईसारख्या खोल खाचेच्या माशांना हीच वापरतात. आणि शेपटीचे पर सोडून, जिथे मांसल शरीर संपतं तिथपर्यंत मोजली तर तिसरी. संशोधक प्रयोगशाळेत बऱ्याचदा ही तिसरी वापरतात, कारण जाळ्यात शेपटीचे पर फाटतात. रोहूसारख्या माशात ही तिसरी लांबी पूर्ण लांबीच्या साधारण ८२ टक्के असते. ऐकायला फरक किरकोळ वाटतो, पण ०.८२ चा घन ०.५५ होतो. म्हणजे एका लांबीसाठी काढलेला गुणक दुसऱ्या लांबीला लावला तर वजन जवळजवळ निम्मं तरी होईल, नाही तर पावणेदोन पटीच्या पुढे तरी जाईल. बाजारात ज्या दोन टोकांमध्ये टेप लावला, फोटोतही तीच दोन टोकं घ्या. मग कुठली लांबी ‘बरोबर’, हा प्रश्नच उरत नाही.

आता फोटोकडे वळू. फोटोत सेंटिमीटर नसतात, त्यात फक्त प्रमाण असतं. म्हणून माशाशेजारी ज्याची लांबी पक्की माहीत आहे अशी एखादी वस्तू हवी. घरातली फूटपट्टी उत्तम. चटईवर मासा आडवा, पाठ एका बाजूला, पोट दुसऱ्या बाजूला. तोंड मिटलेलं, अंग सरळ, शेपटी नैसर्गिक पसरलेली. फूटपट्टी त्याला समांतर आणि अगदी जवळ. मोबाइल माशाच्या मधोमध बरोबर वर, जमिनीला समांतर धरायचा. तिरका धरला की जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान दिसते. फार जवळूनही फोटो काढू नये. मोबाइलची रुंद भिंग चौकटीच्या कडेच्या गोष्टी ताणते. उभं राहून, हात वर करून दीड-दोन मीटरवरून काढावा आणि मासा चौकटीच्या मधल्या भागात राहील असं पाहावं. मासा वाकलेला असेल तर टोकाटोकातलं सरळ अंतर त्याच्या खऱ्या लांबीपेक्षा कमी येतं. तसा फोटो सोडून द्यावा.

एक हिशेब शेवटपर्यंत करून पाहू. फोटो लॅपटॉपच्या पडद्यावर उघडला. पडद्यावरच साधी पट्टी ठेवून मोजलं, तर फोटोतल्या फूटपट्टीवरचं शून्यापासून तीसपर्यंतचं अंतर ८४ मिलिमीटर भरलं आणि रोहू तोंडापासून शेपटीपर्यंत १७५ मिलिमीटर. पडद्यावर फोटो किती मोठा दिसतो याला महत्त्व नाही. दोन्ही मापं एकाच वेळी, फोटो न हलवता घेतली की झालं. १७५ भागिले ८४, गुणिले ३०. उत्तर ६२.५ सेंटिमीटर. त्याचा घन सुमारे २,४४,१४०. शंभराने भागून २,४४१ ग्रॅम. त्याला रोहूच्या १.१९ ने गुणलं की २,९०५ ग्रॅम. ढोबळमानाने दोन किलो नऊशे.

मोजताना फूटपट्टीच्या टोकांपासून नाही, तर शून्य आणि तीसच्या रेषांमधलं अंतर घ्यायचं. बहुतेक फूटपट्ट्यांना दोन्हीकडे कोरी जागा सोडलेली असते. अख्खी पट्टी ३१ सेंटिमीटर असताना ती ३० धरली, तर मासा सुमारे तीन टक्क्यांनी लहान निघतो आणि वजन जवळपास दहा टक्क्यांनी घटतं. या सगळ्या विद्येचं मर्म इथे आहे : लांबीतली चूक वजनात तिप्पट होऊन येते. एक टक्का चुकलात तर वजन तीन टक्क्यांनी चुकतं, पाच टक्के चुकलात तर पंधरा टक्क्यांच्या पुढे. म्हणून सगळं कसब लांबीत ओतायचं. गुणकाच्या दुसऱ्या दशांशावर डोकं खाजवणारा आणि फूटपट्टी तिरकी ठेवणारा माणूस उगाच दमतो.

आता आपल्या दोन किलो नऊशेवर किती विश्वास ठेवायचा? पडद्यावर मोजताना एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. ८४ मिलिमीटरमध्ये एक मिलिमीटर म्हणजे सव्वा टक्का, वजनात साडेतीन टक्के. हे चालेल. त्याहून लबाड चूक दुसरीच आहे, कारण ती नेहमी एकाच बाजूला झुकते. फूटपट्टी चटईला चिकटून पडलेली असते. रोहू मात्र आठ-नऊ सेंटिमीटर जाड असतो, त्यामुळे त्याच्या तोंडाचं टोक चटईपासून सुमारे चार सेंटिमीटर वर असतं. म्हणजे मासा कॅमेऱ्याला पट्टीपेक्षा जवळ आहे, म्हणून तो थोडा मोठा दिसतो. कॅमेरा दीड मीटरवर असेल तर हा फरक जास्तीत जास्त पावणेतीन टक्के. शेपटी खाली टेकलेली असल्याने प्रत्यक्षात त्याहून कमी. दोन टक्के धरले तर खरी लांबी ६१.३ सेंटिमीटर आणि वजन पावणेतीन किलो. दीडशे ग्रॅमचा हा फरक टाळायचा उपाय साधा आहे. फूटपट्टी चटईवर न ठेवता एखाद्या डब्यावर, माशाच्या निम्म्या जाडीइतकी उंच ठेवावी. दुरून फोटो काढल्यानेही ही चूक कमी होते.

राहिला प्रश्न त्या विशिष्ट माशाच्या अंगलोटाचा, आणि सगळ्यात मोठी अनिश्चितता तीच आहे. एकाच तलावातले, एकाच लांबीचे दोन रोहू वजनात पंधरा टक्क्यांनी सहज वेगळे असू शकतात. पावसाळ्याच्या तोंडावर अंड्यांनी भरलेली मादी आणि विणीनंतर रिकामी झालेली मादी यांची लांबी एकच असते. इ. डी. ल क्रेन याने इंग्लंडमधल्या विंडरमिअर सरोवरातल्या पर्च माशांवर १९५१ मध्ये जो निबंध लिहिला, तो वर्षभरातल्या याच चढउताराबद्दल होता. लांबी-वजनाच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानतात. तेव्हा आपल्या रोहूबद्दल प्रामाणिक उत्तर ‘२,९०५ ग्रॅम’ हे नाही. ‘अडीच ते सव्वातीन किलो, बहुधा पावणेतीनच्या आसपास’ हे आहे.

आडव्या फोटोचा इथे एक फायदा होतो. त्यात माशाची उंचीही दिसते. रोहूच्या शरीराची उंची पूर्ण लांबीच्या पावभागापेक्षा थोडी कमी असते. बाजारात मासे मोजताना पाठीपासून पोटापर्यंतचं सगळ्यात जास्त अंतरही लिहून ठेवा, म्हणजे तुमच्याकडे नेहमीचं प्रमाण राहील. समजा ते ०.२३ आहे आणि फोटोतल्या माशाचं ०.२५ आलं, तर तो नेहमीपेक्षा भरलेला आहे. उंचीबरोबर जाडीही त्याच प्रमाणात वाढली असं धरलं, तर या प्रमाणाचा वर्ग घ्यायचा : ०.२५ भागिले ०.२३, त्याचा वर्ग १.१८. वजन अठरा टक्क्यांनी वाढवा. पण हे जपून करा. कोपराएवढ्या माशात उंचीची एक सेंटिमीटरची चूकही वर्गात मोठी होते. आणि पाठीवरचा पर उभारलेला असेल तर नवशिके तोही उंचीत धरतात. पर नाही, शरीर मोजायचं. शिवाय जाडी ही बाजूने काढलेल्या फोटोत कधीच दिसत नाही. पोट दोन्ही बाजूंना फुगलं असेल तर ते वरून पाहिल्यावरच कळतं. शक्य असेल तर मासा सोडण्यापूर्वी पाण्यात पाठीकडून एक फोटो घ्यावा.

याउलट, नुसत्या वरून दिसणाऱ्या माशाचं वजन सांगायला जाऊ नये. महाडजवळच्या वाळणकोंडीत देवीचे मासे म्हणून जपलेले महसीर काठावरून कुरमुरे टाकले की पृष्ठभागावर झुंबड करतात. त्यांना धरायची प्रथा नाही, मोजायचा प्रश्न नाही. प्रत्येक पर्यटक मात्र त्यांचं वजन ठामपणे सांगतो. काठावरून तिरकं पाहताना पाण्यातून बाहेर येणारे किरण वाकतात, जवळ ठेवायला पट्टी नसते आणि माशाची बाजू दिसतच नाही. तिथे गंमत म्हणून अंदाज करावा, पैज लावू नये.

आता त्या सात किलोच्या फोटोकडे येऊ. हात पुढे ताणून धरलेल्या माशात फूटपट्टी नसते, म्हणून बघणारा नकळत माणसाचा चेहरा हीच पट्टी धरतो. समजा फोटो काढणारा माणसापासून दोन मीटरवर उभा आहे आणि मासा हातभर पुढे, म्हणजे कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर आहे. मासा चेहऱ्याच्या तुलनेत दोन भागिले दीड, म्हणजे १.३३ पट मोठा दिसतो. आपला ६२.५ सेंटिमीटरचा रोहू ८३ सेंटिमीटरचा वाटतो. १.३३ चा घन २.३७. दोन किलो नऊशेला त्याने गुणा. सहा किलो नऊशे. सात किलो! दावा करणारा खोटं बोलत असेलच असं नाही. त्याने काटा न लावता, मागाहून फोटो पाहून आकडा सांगितला असेल तर तो स्वतःच फसला आहे.

अशा फोटोतही खरी लांबी निघू शकते, कारण त्यात एक पट्टी माशाच्याच अंतरावर असते, ती म्हणजे धरणाऱ्याचा हात. पुरुषाच्या तळहाताची चार बोटांच्या मुळाशी रुंदी साधारण आठ ते साडेआठ सेंटिमीटर असते. मित्राचाच फोटो असेल तर त्याचा हात प्रत्यक्ष मोजता येतो. चेहरा विसरा, हाताच्या रुंदीशी मासा मोजा. हात चेहऱ्याच्या मानाने अवाढव्य दिसत असेल तर मासाही तितकाच फुगला आहे, हे लगेच कळतं. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचा हात जवळपास हनुवटीपासून केसांच्या सुरुवातीपर्यंतच्या चेहऱ्याएवढा असतो, त्यामुळे ही तुलना अंदाजानेही करता येते. हात एवढी लहान पट्टी असल्याने त्यातली चूक मोठी, वजन वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होईल. पण दुप्पट-तिप्पट होणार नाही. जुने खेळाडू हे जाणतात, म्हणून काहींच्या फोटोत बोटं माशाच्या मागे दडवलेली असतात आणि फक्त टोकं दिसतात. बोटं दिसत नसतील तर समजून जा.

आणखी एक खूण डोक्याची. रोहूचं डोकं पूर्ण लांबीच्या साधारण पाचवा भाग असतं. फोटोत ते एक तृतीयांश दिसत असेल तर मासा आडवा नाही. डोकं कॅमेऱ्याकडे आणि शेपटी मागे वळवलेली आहे. अशा फोटोत डोकं मोठं दिसतं, शेपटी लहान दिसते, लांबीला काही अर्थ राहत नाही. त्याचं वजन काढण्याचा नाद सोडावा. कल्ल्याच्या झाकणाची कड आणि शेपटीचं मूळ यांच्यामध्ये अंगावरचे खवले सारख्या आकाराचे दिसताहेत का, हेही पाहावं. शेपटीकडे ते थोडे लहान होतातच, पण एकदम बारीक झाले असतील तर शेपटी कॅमेऱ्यापासून दूर आहे.

पडद्यावर एकदाच मोजायचं असेल तर कॅल्क्युलेटर पुरे. वरचेवर लागत असेल तर मोबाइलमधल्या तक्त्याच्या ॲपमध्ये एका रकान्यात लांबी, शेजारी गुणक आणि तिसऱ्यात हे सूत्र घालून ठेवावं :

```
=A2^3*B2/100
```

सेंटिमीटरमध्ये लांबी लिहिली की ग्रॅममध्ये वजन येतं. इंचांची लांबी चुकून घातली तर सोळावा हिस्सा वजन येईल, तेव्हा आकडा हास्यास्पद लहान दिसला की आधी एकक तपासा. आणि पुढचा मासा गटात टाकताना आकडा ठोकून देण्याऐवजी फूटपट्टीसकट आडवा फोटो टाका, लांबी कुठून कुठपर्यंत मोजली ते लिहा आणि मासा रोहू आहे की कटला, तेही सांगा. वजन ज्याचं तो काढून घेईल.